घरातल्या वायफायचे पत्ते सारखे संपतात: डीएचसीपी पूल आणि लीजबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गणपती, दिवाळी आणि मे महिन्याची सुट्टी आली की या विषयावरचे निरोप वाढतात. त्यातले पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. डीएचसीपी म्हणजे राउटरने घरातल्या यंत्रांना आपोआप पत्ते वाटण्याची पद्धत. उदाहरणांत राउटरचा पत्ता 192.168.1.1 धरला आहे. तुमच्याकडे 192.168.0.1 किंवा आणखी काही असेल, तर पहिले तीन आकडे तेवढे बदलून वाचा.

१. वायफाय दिसतं, पासवर्ड बरोबर आहे, पण नव्या फोनला नेट मिळत नाही. पत्तेच संपलेत हे कसं ओळखायचं?

फोन कुठे अडकतो ते बघा. पासवर्ड चुकला तर तो लगेच सांगतो. पत्ते संपले असतील तर अँड्रॉइडवर `Obtaining IP address` असं बराच वेळ दिसत राहतं आणि मग तो हात टेकतो. विंडोज लॅपटॉप वायफायला जोडलेला दिसतो, पण `ipconfig` चालवलं की 169.254 ने सुरू होणारा पत्ता दाखवतो. हा पत्ता राउटरने दिलेला नसतो. कुणीच उत्तर दिलं नाही म्हणून लॅपटॉपने तो स्वतःच घेतलेला असतो.

यानंतरची खूण महत्त्वाची आहे. त्याच वेळी घरातले जुने फोन आणि टीव्ही व्यवस्थित चालत असतील, तर संशय पक्का होतो. सगळ्यांचंच नेट गेलं असेल तर दोष लाइनचा आहे, पत्त्यांचा नाही. खात्री करायला चालू असलेल्या फोनवरून राउटरच्या पानावर जा आणि `DHCP Client List` किंवा तशा नावाच्या यादीतल्या ओळी मोजा. वाटायच्या पत्त्यांचा साठा, म्हणजे पूल, ५० चा आणि यादीत ५० ओळी, म्हणजे निकाल लागला. ओपनडब्ल्यूआरटी असलेल्या राउटरवर `logread` मध्ये स्पष्ट `no address available` असं लिहिलेलं सापडतं.

२. पूल आणि लीज म्हणजे नेमकं काय?

घरातल्या प्रत्येक यंत्राला राउटर एक पत्ता देतो. कोणत्या क्रमांकापासून कोणत्या क्रमांकापर्यंतचे पत्ते वाटायचे तो पट्टा म्हणजे पूल, आणि एकदा दिलेला पत्ता किती वेळ त्या यंत्राच्या नावावर राहील ती मुदत म्हणजे लीज. हा भाड्याच्या खोल्यांसारखाच व्यवहार आहे: खोल्या ठरावीक आणि करार ठरावीक दिवसांचा.

यंत्र घरात असेपर्यंत करार आपोआप वाढत राहतो. अर्धी मुदत झाली की फोन राउटरला विचारतो, राउटर हो म्हणतो आणि घड्याळ पुन्हा शून्यावर येतं. म्हणून लीज २ तासांची असली तरी घरातल्या टीव्हीचा पत्ता दर २ तासांनी जात नाही.

गोची होते ती निघून जाणाऱ्यांची. फोन खिशात घालून पाहुणा उठतो तेव्हा त्याचा फोन ‘खोली सोडली’ असं सहसा सांगत नाही. राउटर बिचारा मुदत संपेपर्यंत ती खोली कुलूप लावून राखून ठेवतो.

३. आमच्याकडे एका वेळी फार तर ३५-४० यंत्रं असतात आणि पूल ५० चा आहे. मग संपतात कसे?

एका वेळी किती यंत्रं चालू आहेत हा हिशेबच इथे कामाचा नाही. एका लीजच्या मुदतीत किती वेगवेगळी यंत्रं येऊन गेली ते मोजायचं असतं. चिपळूणकडच्या एका घराचं उदाहरण देतो. गेल्या गणपतीत तिथला हिशेब मी कागदावर मांडला होता.

पूल होता 192.168.1.100 ते 192.168.1.149, म्हणजे ५० पत्ते. (१४९ वजा १०० म्हणजे ४९ होतात, पण दोन्ही टोकं धरायची असतात. हा एकाचा घोळ बरेच जण करतात.) लीज होती 259200 सेकंद, म्हणजे ३ दिवस. घरची यंत्रं: ४ फोन, २ टीव्ही, १ लॅपटॉप, ४ कॅमेरे आणि त्यांचा रेकॉर्डर, इन्व्हर्टरची वायफाय डबी, २ स्मार्ट प्लग, १ प्रिंटर. एकूण १६. मुंबईहून राहायला आलेले १४ जण आणि त्यांची १७ यंत्रं. झाली ३३, उरले १७ पत्ते.

आता दर्शनाला येणारे. पासवर्ड ओटीवर कागदावर लिहून चिकटवलेला होता, त्यामुळे रोज साधारण १० नवे फोन जोडले जात. बसायचे तासभर, पण प्रत्येक जण ३ दिवसांसाठी एक पत्ता अडवून जायचा. पहिल्या दिवशी १० गेले, उरले ७. दुसऱ्या दिवशी ७ जणांना पत्ता मिळाला आणि शेवटच्या तिघांना नाही. तिसऱ्या दिवशी कुणालाच नाही. चौथ्या दिवशी पहिल्या दिवसाच्या पाहुण्यांच्या मुदती ज्या क्रमाने संपल्या, तसे पत्ते सुटू लागले आणि ‘कधी लागतं, कधी लागत नाही’ असा खेळ सुरू झाला. या सगळ्या काळात एका वेळी प्रत्यक्ष जोडलेली यंत्रं कधीही ३८ च्या वर गेली नव्हती.

घरच्यांचं म्हणणं होतं की कोकणात पावसामुळे लाइन खराब झाली आहे. लाइनचा यात काही संबंध नव्हता.

४. मग पूल किती मोठा ठेवू?

हिशेब असा: कायम असलेली यंत्रं, राहायला येणाऱ्यांची यंत्रं, आणि रोज येणारे नवे फोन गुणिले लीजचे दिवस. वरच्या घरात १६ + १७ + (१० × ३) = ६३. पूल ५० चा होता, त्यामुळे तो भरणारच होता.

पण खरं सांगायचं तर घरी इतकं काटेकोर मोजायची गरज नाही. नेटवर्कचा पट्टा किती मोठा ते मास्क ठरवतो. 255.255.255.0 असा मास्क असलेल्या नेटवर्कमध्ये वापरता येण्याजोगे २५४ पत्ते असतात, त्यातला एक राउटरचा. उरलेले वाटले नाहीत तर नुसते पडून राहतात. पूल मोठा केल्याने वेग कमी होत नाही, राउटरवर भार येत नाही आणि पैसेही पडत नाहीत. म्हणून मी घरासाठी सरळ 192.168.1.50 ते 192.168.1.249 ठेवायला सांगतो, म्हणजे २०० पत्ते. खालचे २ ते ४९ हाताने पत्ता दिलेल्या यंत्रांसाठी मोकळे राहतात (त्याबद्दल प्रश्न ९ पाहा).

राउटरच्या पानावर हे `LAN` किंवा `DHCP Server` खाली `Start IP` आणि `End IP` अशा नावांनी सापडतं. काही राउटरवर शेवटच्या पत्त्याऐवजी पत्त्यांची संख्या विचारतात. ओपनडब्ल्यूआरटीत तसंच आहे:

```
uci set dhcp.lan.start='50'
uci set dhcp.lan.limit='200'
uci set dhcp.lan.leasetime='12h'
uci commit dhcp
/etc/init.d/dnsmasq restart
```

यातला `limit` म्हणजे संख्या आहे. तिथे शेवटचा पत्ता समजून 249 लिहिणारे बरेच भेटतात.

५. लीज किती ठेवावी? तिथे आकडा टाकायचा, पण एकक कळत नाही.

नेहमीच्या घराला १२ ते २४ तास. रोज नवे चेहरे येणाऱ्या घराला, म्हणजे शिकवणी, घरगुती खानावळ किंवा सणासुदीची वर्दळ असेल तर २ ते ४ तास. आधी पूल वाढवा आणि त्यानंतरही कमी पडलं तरच लीज घटवा. पूल वाढवण्यात तोटा काही नाही, लीज घटवण्यात थोडा आहे (प्रश्न ६).

चिपळूणच्या घरात नुसती लीज १२ तासांची केली असती तर दर्शनाला आलेल्यांनी एका वेळी जास्तीत जास्त १० पत्ते अडवले असते. ३३ + १० = ४३, म्हणजे ५० च्या जुन्या पुलातही ते घर जेमतेम बसलं असतं. आम्ही दोन्ही बदललं, पूल २०० आणि लीज १२ तास.

एककाबद्दल मात्र सावध राहा. काही राउटर सेकंदांत मागतात, काही मिनिटांत, काही तासांत, आणि चौकटीशेजारी ते बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. १२ तास म्हणजे 43200 सेकंद किंवा 720 मिनिटं. २४ तास म्हणजे 86400 सेकंद किंवा 1440 मिनिटं. मिनिटं समजून सेकंदांच्या चौकटीत 120 टाकलं तर लीज २ मिनिटांची होते. खात्री करायला विंडोजवर `ipconfig /all` चालवा. `Lease Obtained` आणि `Lease Expires` यांच्यातला फरक म्हणजे तुमची खरी लीज.

६. मग लीज सरळ ५ मिनिटांचीच करून टाकली तर? पत्ते लगेच मोकळे होतील ना?

होतील. पण मग घरातलं प्रत्येक यंत्र दर अडीच मिनिटांनी राउटरचं दार वाजवणार. साधारण राउटरला तेवढं झेपतं, मात्र स्वस्त प्लग आणि कॅमेरे यात अडखळतात. एखादं उत्तर हुकलं की ते नेटवर्कवरून पडतात आणि पुन्हा जोडून घ्यायला वेळ लावतात.

दुसरी अडचण वीज गेल्यावरची. समजा राउटरची वीज गेली पण कॅमेरे आणि रेकॉर्डर इन्व्हर्टरवर आहेत आणि वेगळ्या स्विचला तारेने जोडलेले आहेत. लीज १२ तासांची असेल तर राउटर तासभर बंद राहिला तरी सहसा त्यांचे पत्ते टिकतात आणि रेकॉर्डिंग चालू राहतं. कारण अर्ध्या मुदतीला नूतनीकरण होत असल्याने कोणत्याही क्षणी निदान ६ तास हातात असतात. लीज ५ मिनिटांची असेल तर ५ मिनिटांतच पत्ते जातात आणि एकाच खोलीतल्या दोन यंत्रांना एकमेकं सापडत नाहीत.

घरासाठी १ तासाच्या खाली जायचं कारण मला आजवर दिसलेलं नाही.

७. लीज कमी केली, पूलही वाढवला, तरी पाहुण्यांचे जुने पत्ते यादीत तसेच आहेत. सेटिंग लागलं नाही का?

लागलंय. पण नवी मुदत नव्या करारांना लागू होते. ३ दिवसांवर दिलेला पत्ता त्याचे ३ दिवस भरूनच सुटणार. घरातच असलेल्या फोनला बदललेली मुदत पुढच्या नूतनीकरणाला कळते, म्हणजे जुन्या लीजची अर्धी मुदत संपल्यावर.

लगेच हवं असेल तर राउटर बंद करून चालू करा. बऱ्याच घरगुती राउटरवर वाटलेल्या पत्त्यांची वही फक्त तात्पुरत्या स्मृतीत असते, ती पुसली जाते आणि सगळं नव्याने सुरू होतं. ‘राउटर रीस्टार्ट केला की दोन दिवस बरं चालतं’ असं जे लोक सांगतात त्यामागचं कारण हेच. रीस्टार्टने रोग बरा होत नाही, वही कोरी होते इतकंच.

वही पुसल्यावर एक तिरपी अडचण कधीमधी येते. राउटर विसरला तरी फोन आपला जुना पत्ता विसरलेला नसतो. त्याच काळात राउटरने तोच पत्ता दुसऱ्याला दिला तर दोघंही अडखळतात. बहुतेक राउटर पत्ता देण्याआधी तो कुणी वापरतंय का ते हाक मारून बघतात, पण झोपलेला फोन ओ देईलच असं नाही. रीस्टार्टनंतर एखादं यंत्र विचित्र वागलं तर त्याचं वायफाय बंद करून चालू करा.

८. यादीत आमच्याच घरातले फोन दोन-दोनदा दिसतात. कुणी चोरून वापरतंय का?

बहुधा नाही. राउटर यंत्राला त्याच्या मॅक पत्त्यावरून, म्हणजे वायफायच्या भागाच्या ओळख क्रमांकावरून, ओळखतो आणि अलीकडचे फोन खरा मॅक पत्ता सांगतच नाहीत. अँड्रॉइड १० (२०१९) आणि आयओएस १४ (२०२०) पासून प्रत्येक वायफायसाठी बनावट पत्ता वापरणं हीच मूळ पद्धत आहे. ओळखायची खूण सोपी आहे. मॅक पत्त्याचं दुसरं अक्षर 2, 6, A किंवा E असेल तर तो बनवलेला पत्ता. `3A:5F:…` मध्ये दुसरं अक्षर A आहे.

साधारणपणे एका वायफायसाठी तो बनावट पत्ता तोच राहतो, त्यामुळे एका फोनची एकच ओळ दिसते. ओळी वाढतात त्या दोन ठिकाणी. आयओएस १८ पासून आयफोनवर `Private Wi-Fi Address` खाली `Rotating` हा पर्याय आहे, त्यात पत्ता ठरावीक काळाने बदलत राहतो. आणि विंडोजवर `Random hardware addresses` ला `Change daily` केलं असेल तर लॅपटॉप रोज नवा माणूस बनून येतो. लीज ७ दिवसांची असेल तर असा एकच लॅपटॉप ७-८ पत्ते अडवून बसतो. १२ तासांच्या लीजवर त्याचे फार तर २ पत्ते लागतात.

घरच्या वायफायसाठी आयफोनवर `Fixed` निवडा आणि विंडोजवर ते बदलणं बंद करा. बाहेरच्या वायफायसाठी मात्र ते चालू असणं चांगलंच.

९. कॅमेरा आणि प्रिंटर यांना कायमचा एकच पत्ता हवा आहे. तो पुलातला द्यायचा की बाहेरचा?

यंत्राच्या आतच हाताने पत्ता लिहिणार असाल तर पुलाच्या बाहेरचा, म्हणजे आपल्या मांडणीत २ ते ४९ मधला. पुलातला लिहिलात तर राउटरला त्याची खबर नसते. प्रिंटर बंद असताना तो पत्ता राउटर पाहुण्याच्या फोनला देऊन मोकळा होईल. मग प्रिंटर चालू केला की भांडण.

त्यापेक्षा राउटरवर आरक्षण करणं बरं. `Address Reservation` मध्ये यंत्राचा मॅक पत्ता आणि हवा तो आयपी पत्ता लिहायचा, यंत्राच्या आत काही बदलायचं नाही. काही राउटर आरक्षण पुलाबाहेरच्या पत्त्यालाही मान्य करतात, काही फक्त पुलातल्याच. पुलातला आरक्षित केलात तर तो कायमचा वजा धरा. आणि एक: बनावट मॅक वापरणाऱ्या फोनसाठी आरक्षण करण्यात फारसा अर्थ नाही (प्रश्न ८).

१०. पूल २०० चा केला. तरी माडीवरच्या फोनना पत्ता मिळत नाही किंवा वेगळाच मिळतो.

माडीवर दुसरा राउटर बसवला आहे का? बहुतेक वेळा तिथेच गाठ असते. जुना राउटर नुसतं वायफाय पसरवायला लावला, पण त्याचं स्वतःचं पत्ते वाटणं चालूच राहिलं. माडीवरच्या फोनच्या पत्त्यातला तिसरा आकडा बघा. खाली 192.168.1.x आणि वर 192.168.0.x असेल, तर वरचा राउटर स्वतःच्या छोट्या पुलातून वाटतो आहे. तुम्ही खालचा कितीही वाढवा, वरच्याला त्याचा पत्ताच नाही.

दोन्हींचे पहिले तीन आकडे सारखेच असतील तर आणखी वाईट, कारण दोघं एकाच पट्ट्यातले पत्ते एकमेकांना न विचारता वाटतात. विंडोजवर `ipconfig /all` मधली `DHCP Server` ही ओळ कुणी पत्ता दिला ते सांगते. तिथे मुख्य राउटरच दिसायला हवा.

उपाय: दुसऱ्या राउटरचा `DHCP Server` बंद करा, त्याला पुलाबाहेरचा पत्ता द्या, समजा 192.168.1.2, आणि खालून आलेली तार त्याच्या `WAN` ऐवजी `LAN` तोंडात लावा. `Access Point` असा तयार मोड असेल तर तो निवडला की हे सगळं आपसूक होतं.

११. पाहुण्यांसाठी गेस्ट वायफाय काढलं तर प्रश्न सुटेल?

गेस्ट वायफायला वेगळा पट्टा असेल तर हो, आणि फार छान सुटेल. घरच्यांना २४ तास, पाहुण्यांना २ तास. पण बऱ्याच राउटरवर गेस्ट म्हणजे फक्त वेगळं नाव आणि वेगळा पासवर्ड असतो, पत्ते त्याच पुलातून जातात. एक फोन गेस्टला जोडा आणि त्याचा पत्ता बघा. तिसरा आकडा घरच्यांपेक्षा वेगळा असेल तर पूल वेगळा आहे.

१२. आम्हाला २५४ पण पुरत नाहीत. वाडा आहे, वर वसतिगृहासारखी मुलं राहतात.

आधी लीज तपासा. ४ तासांच्या लीजवरही २५४ भरत असतील तर मग मास्क बदला: 255.255.255.0 ऐवजी 255.255.254.0. याने ५१० पत्ते मिळतात.

इथे एक चूक ठरलेली आहे. राउटर 192.168.1.1 वर असताना हा मास्क लावला की पट्टा 192.168.0.x आणि 192.168.1.x असा होतो, 1 आणि 2 असा नाही. जोडीची सुरुवात सम आकड्यानेच होते. पुलात 192.168.2.x लिहिलात तर राउटर तक्रार करेल, किंवा तक्रार न करता ते पत्ते वाटेल आणि ते चालणार नाहीत.

शिवाय ज्या यंत्रांत हाताने पत्ता लिहिला आहे, त्यांच्यातला मास्कही बदलावा लागतो. नाहीतर जुन्या मास्कचा प्रिंटर फक्त अर्ध्याच घराला सापडतो, आणि हा दोष शोधताना माणूस वेडा होतो.

१३. पत्ता मिळालेला नाही, तरी त्या फोनवर यूट्यूब चालतं आणि बँकेचं अ‍ॅप चालत नाही. हे कसं?

तुमच्या कनेक्शनवर आयपीव्ही६ ही पत्त्यांची नवी पद्धत चालू असेल. त्याचे पत्ते बहुतेक घरांत फोन राउटरच्या घोषणेवरून स्वतः बनवतो, आपण इथे बोलतोय त्या पुलाशी त्याचा संबंध नसतो. म्हणून पुलात एकही पत्ता शिल्लक नसला तरी काही फोन आयपीव्ही६ वरून जोडले जातात. ज्या सेवा आयपीव्ही६ वर आहेत त्या चालतात, फक्त जुन्या पद्धतीच्या पत्त्यावर असलेल्या अडतात. फोनच्या वायफाय तपशिलात 192.168 ने सुरू होणारा पत्ता नसेल आणि नुसते अपूर्णविराम असलेले लांबलचक पत्ते दिसत असतील, तर प्रश्न ४ कडे वळा.

१४. इंटरनेट कंपनीला जास्त आयपी द्यायला सांगू का?

नको. हे पत्ते तुमच्या राउटरचे आहेत. कंपनी तुम्हाला बाहेरचा एक पत्ता देते, तोही कधीकधी अनेक घरांत वाटून. घरातल्या पुलाचा त्याच्याशी संबंध नाही. फक्त राउटर कंपनीचा असेल आणि `LAN` चं पान कुलूपबंद असेल तर पूल आणि लीज बदलून द्या असं त्यांना सांगावं लागतं. तेव्हा ‘आयपी संपतात’ असं मोघम न सांगता `Start IP`, `End IP` आणि `Lease Time` चे हवे ते आकडे लिहून पाठवा.

१५. यादीत पत्ते भरपूर शिल्लक आहेत, तरी ३२ च्या पुढचा फोन जोडलाच जात नाही.

मग ही पत्त्यांची टंचाई नाही, वायफायच्या यंत्रणेची मर्यादा आहे. काही राउटरवर एका बँडला किती यंत्रं जोडता येतील याचा आकडा ठरवलेला असतो आणि ३२ हा त्यातला नेहमीचा. इथे फोन पत्ता मागण्याच्या टप्प्यापर्यंत पोचतच नाही, जोडतानाच नाकारला जातो, म्हणून प्रश्न १ मधली `Obtaining IP address` ही खूण दिसत नाही. `Wireless` च्या प्रगत सेटिंगमध्ये `Max Clients` किंवा तसं काही आहे का बघा. टीव्ही आणि रेकॉर्डर तारेने जोडा, म्हणजे तेवढ्या जागा वायफायवर मोकळ्या होतात.